आईच्या गिफ्ट कार्डातले ₹३,१८० गेले कुठे? वरून कार्डाची मुदतही संपली

वर्षा_मुलुंड (२३ नोव्हेंबर २०२५)

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहिते, कारण दुकान आणि कार्डवाली कंपनी दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतायत आणि माझं डोकं चालेनासं झालंय.

आई गेल्या वर्षी निवृत्त झाली. निरोप समारंभात ऑफिसकडून शाल, श्रीफळ आणि ₹५,००० चं गिफ्ट कार्ड मिळालं. अनेक दुकानांत चालणारं कार्ड आहे, प्लास्टिकचं, मागे खरवडून काढायचा पिन. वर्षभर ते देवघराच्या खणातच पडून होतं. २ नोव्हेंबरला, रविवारी, आम्ही दोघी मॉलमध्ये गेलो. आईने दोन कुर्ते आणि एक चादर घेतली. बिल झालं ₹३,१८०.

काउंटरवरच्या मुलाने कार्ड घासलं, पिन टाकला, मशीन बराच वेळ फिरत राहिलं. मग तो म्हणाला, "नेटवर्क गेलं मॅडम, परत करतो." परत केलं तर पैसे पुरत नाहीत असं आलं. त्याने शिल्लक बघितली, ती ₹१,८२०. आई म्हणाली, "अगं, मी मागे एकदा वापरलं असेल, आठवत नाही." मागे रांग होती, आईचे गुडघे दुखत होते. मी म्हटलं ठीक आहे, ₹१,८२० कार्डातून घ्या आणि उरलेले ₹१,३६० मी यूपीआयने देते. बिलावर तसंच छापलंय.

काल कपाट आवरताना कार्डाचं पाकीट सापडलं. त्यावर ऑफिसच्या मुलीच्या अक्षरात "₹५,०००" आणि खाली आईच्या अक्षरात "अजून वापरलेले नाही, ऑक्टोबर". म्हणजे आईने एकदाही वापरलं नव्हतं. मी दुकानात फोन केला, ते म्हणाले आम्हाला ₹१,८२० च मिळाले, कार्ड कंपनीला विचारा. कंपनीला फोन केला तर म्हणे, "कार्डाची मुदत १३ नोव्हेंबरला संपली, शिल्लक शून्य, काही करता येत नाही."

आई सारखी म्हणतेय "जाऊ दे गं, फुकटचंच होतं". मला ते पटत नाही. तीस वर्षांच्या नोकरीनंतर मिळालेली भेट आहे ती. काय करता येईल?

मंदार७७

रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की सगळी गिफ्ट कार्डं तीन वर्षं चालली पाहिजेत. त्यांना सरळ सांगा की मुदत संपलेलीच नाही, कार्ड चालू करा. मी माझ्या मेव्हण्याचं असंच भांडून करून घेतलं.

सुलभा_पार्ले

माझ्या क्रेडिट कार्डाचे रिवॉर्ड पॉइंट असेच मार्चमध्ये गेले, जवळजवळ साडेचार हजारांचे. ते पण मिळतात का परत? कोणाला तक्रार करायची?

बिलिंगवाला_प्रसाद

वर्षाताई, मी अकरा वर्षं कपड्यांच्या दुकानांत कॅश काउंटर सांभाळतोय, आता फ्लोअर बघतो. तुमचं वाचून पहिल्याच ओळीत कळलं काय झालंय. पहिल्यांदा घासलं तेव्हा पैसे गेले. मशीनने मागणी पाठवली, समोरून मंजुरी मिळाली, कार्डातून ₹३,१८० कापले गेले, पण मंजुरीचा निरोप मशीनपर्यंत पोचायच्या आत नेटवर्क पडलं. मशीनसाठी तो व्यवहार झालाच नाही, चिठ्ठी निघाली नाही, आमच्या बिलिंगमध्ये काही चढलं नाही.

हिशेब बघा. ५,००० वजा ३,१८० किती? १,८२०. दुसऱ्या वेळी बरोब्बर तेवढीच शिल्लक दिसली. योगायोग नाही तो.

अशा वेळी मशीनने स्वतःहून व्यवहार उलटवण्याचा निरोप पाठवायचा असतो. बहुतेक वेळा तो जातो आणि काही मिनिटांत किंवा दुसऱ्या दिवशी पैसे परत कार्डात येतात. कधीकधी तो निरोपही अडकतो, मग कोणीतरी मागे लागल्याशिवाय पैसे हलत नाहीत. त्या मुलाने खरं तर दुसऱ्यांदा घासायच्या आधी शिल्लक बघायला हवी होती. आम्ही नवीन पोरांना हे पहिल्या आठवड्यात शिकवतो, पण रविवारी संध्याकाळी रांग लागली की विसरतात.

कार्डाच्या व्यवहारांची यादी काढा. मागे जी वेबसाइट दिलीय तिथे कार्ड क्रमांक आणि पिन टाकला की मुदत संपल्यावरही बहुतेक वेळा दिसते.

वर्षा_मुलुंड

प्रसाददादा, तुम्ही म्हणालात तसंच निघालं! हे बघा:

```
02-11-2025 18:41  DEBIT  3180.00  BAL 1820.00
02-11-2025 18:44  DEBIT  1820.00  BAL    0.00
```

तीन मिनिटांच्या अंतराने दोन वेळा. आणि मी आईला उगाच म्हणाले की तुला काही आठवत नाही. आत्ता तिला दाखवलं. ती काही बोलली नाही, फक्त चष्मा लावून दोनदा वाचलं.

निवृत्त_पेमेंटवाला

वर्षाताई, मी बँकेच्या कार्ड आणि पेमेंट विभागात बरीच वर्षं काढली. तुमच्याकडे दोन वेगळे प्रश्न एकात गुंतलेत आणि कंपनी त्याचाच आधार घेतेय. आधी ते सोडवूया.

तुमची तक्रार "मुदत संपलेलं कार्ड चालू करा" ही नाहीच. मुदत संपायच्या अकरा दिवस आधी, कार्ड जिवंत असताना, एक व्यवहार फसला आणि त्याचे पैसे परत आले नाहीत, ही तुमची तक्रार आहे. फोनवर "मुदत" हा शब्द आला की समोरचा माणूस पुढ्यातलं ठरलेलं उत्तर वाचतो. म्हणून तो शब्द तुम्ही पहिल्यांदा उच्चारूच नका. "२ नोव्हेंबरचा ₹३,१८० चा व्यवहार दुकानात पूर्ण झाला नाही, रक्कम परत जमा झालेली नाही" इथून सुरुवात करा.

आता एक काम करा. कार्ड उलटं करून बारीक अक्षरं वाचा. कार्ड कोणी "जारी" केलंय ते तिथे लिहिलेलं असतं. दर्शनी भागावर ज्याचं नाव मोठं असतं तो बऱ्याचदा जारी करणारा नसतोच. बँकेचं किंवा रिझर्व्ह बँकेची परवानगी असलेल्या कंपनीचं नाव असेल तर एक रस्ता. दुकानाने स्वतःच, स्वतःपुरतं काढलेलं कार्ड असेल तर रस्ता वेगळा, आणि तो जास्त खडतर.

मंदारजी, तीन वर्षांचं तुम्ही ऐकलंय ते पूर्ण चूक नाही, पण त्याचा अर्थ वेगळा आहे. गिफ्ट कार्डासारख्या प्रीपेड साधनांसाठी रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये काढलेल्या निर्देशांप्रमाणे कार्डाची मुदत कमीत कमी एक वर्ष हवी, एवढंच. तीन वर्षं आहेत ती त्यानंतरची. मुदत संपल्यावर उरलेली रक्कम बँकेतर कंपनीला निदान तीन वर्षं स्वतःच्या नफ्यात वळवता येत नाही. आणि मुदत संपल्यावर कार्डधारकाने पैसे मागितले तर ते त्याच्या बँक खात्यात द्यायचे असतात. तेव्हा कार्ड मेलं तरी पैसे मेलेले नसतात. तुमच्या मेव्हण्याचं काम झालं ते बहुधा नवीन कार्ड देऊन झालं असेल. गिफ्ट कार्डाची मुदत वाढवून देणं किंवा बदली कार्ड देणं, दोन्हीला निर्देशांत परवानगी आहे.

मंदार७७

हो, नवीन कार्डच दिलं होतं. मला वाटलं तेच चालू केलं. बरं झालं सांगितलंत.

शैलेश_गिरगाव

दुकानदाराची बाजूही ऐका. माझं गिरगावात भेटवस्तूंचं दुकान आहे, आम्ही स्वतःची ₹५०० आणि ₹१,००० ची कार्डं विकतो. लोक दोन-दोन वर्षांनी येतात. आम्ही त्यावर जीएसटी भरून मोकळे झालेले असतो, वर्षाचा हिशेब बंद झालेला असतो. पैसे परत कुठून द्यायचे? मुदत लोकांना त्रास द्यायला ठेवत नाही.

अनघा_सीए

शैलेशभाऊ, हिशेबाची अडचण समजते, पण जीएसटीचं कारण टिकत नाही. ३१ डिसेंबर २०२४ ला केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने परिपत्रक काढून स्पष्ट केलंय की व्हाउचरचा व्यवहार हा स्वतः मालाचा किंवा सेवेचा पुरवठा नाही. कर लागतो तो व्हाउचर देऊन वस्तू घेतली की त्या वस्तूवर. न वापरलेल्या व्हाउचरच्या रकमेवरही जीएसटी नाही. त्यामुळे "कर भरून झालाय" असं गिऱ्हाइकाला सांगू नका, आणि तुम्ही खरंच कार्ड विकतानाच कर भरत असाल तर तुमच्या कर सल्लागाराला विचारा, कारण वस्तूवर तुम्ही तो पुन्हा भरताय.

यातूनच एक गोष्ट सगळ्यांना उपयोगी पडेल. बिल हातात घ्या आणि गिफ्ट कार्डाची रक्कम कुठे छापलीय ते बघा. पैसे देऊन घेतलेलं कार्ड हे रोख रकमेसारखं पैसे चुकवायचं साधन आहे. ते बिलाच्या तळाशी, एकूण रकमेनंतर, "कार्डाने इतके, यूपीआयने इतके" असं यायला हवं. ते वरती "सवलत" म्हणून वजा केलेलं असेल तर दुकानाने त्याला कूपन धरलंय. मग वस्तू परत केल्यावर ते म्हणणार की सवलत परत मिळत नाही. वर्षा, तुझ्या बिलात कसं आहे?

वर्षा_मुलुंड

तळाशी आहे, एकूण ₹३,१८० च्या खाली. "गिफ्ट कार्ड १,८२०, यूपीआय १,३६०".

कार्डाची मागची बाजू भिंगाखाली वाचली. राखाडी प्लास्टिकवर राखाडी अक्षरं, मोहरीपेक्षा बारीक! पण लिहिलंय. जारी करणारी कंपनी वेगळीच आहे, रिझर्व्ह बँकेच्या परवानगीचा उल्लेख आहे, तक्रारीचा ईमेल आहे.

एक भीती वाटतेय. बिल पर्समध्ये होतं, त्याची डावी बाजू पुसट झालीय. तारीख दिसते, वेळ अर्धी दिसते.

बिलिंगवाला_प्रसाद

आजच्या आज फोटो काढा, उजेडात, सपाट ठेवून, आणि झेरॉक्स करा. तो उष्णतेने छापला जाणारा कागद असतो. प्लास्टिकच्या कव्हरात, पर्सच्या रेक्झिनला लागून किंवा चिकटपट्टी लावून ठेवलं की अक्षरं उडतात. जपून ठेवायचं म्हणून लोक लॅमिनेशन करतात आणि अख्खं बिल काळंठिक्कर होतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

बिल क्रमांक वाचता आला तर दुकानात दुसरी प्रत निघते. तिथे जाऊन मॅनेजरला सांगा, २ नोव्हेंबरचा त्या काउंटरच्या मशीनचा दिवसअखेरचा हिशेब बघा. त्यात संध्याकाळी ६:४४ चा ₹१,८२० असेल आणि ६:४१ चा ₹३,१८० नसेल. "आम्हाला ₹३,१८० मिळालेले नाहीत" एवढं एक वाक्य त्यांच्याकडून ईमेलवर घ्या. तोंडी नको. कंपनी पुढे हमखास म्हणणार की पैसे दुकानाला गेलेत, दुकानाकडून घ्या. तेव्हा हेच वाक्य कामी येणार.

आणि दुकानात भांडायच्या सुराने जाऊ नका. त्यांचं काही गेलेलं नाही, त्यांनी काही लपवलेलंही नाही. कागद मागायला आलोय म्हणालात तर देतील.

निवृत्त_पेमेंटवाला

प्रसादने नेमकं सांगितलं. त्या एका वाक्याशिवाय पुढे जाऊ नका.

ते आलं की कार्ड कंपनीला ईमेल करा. लांबलचक नको. साधारण असं:

"कार्डाचे शेवटचे चार अंक अमुक. २ नोव्हेंबर २०२५, सायंकाळी ६:४१ चा ₹३,१८० चा व्यवहार दुकानात पूर्ण झाला नाही. चिठ्ठी निघाली नाही, दुकानाला रक्कम मिळालेली नाही. दुकानाचा ईमेल, बिल आणि तुमच्याच वेबसाइटवरची व्यवहारांची यादी सोबत जोडली आहे. रक्कम परत करावी. कार्डाची मुदत आता संपली असल्याने ती खालील बँक खात्यात जमा करावी. फसलेल्या व्यवहाराची रक्कम परत करण्यास झालेल्या विलंबाची नियमानुसार भरपाईही द्यावी. तक्रार क्रमांक कळवावा."

पिन ईमेलमध्ये लिहू नका. पूर्ण कार्ड क्रमांकही त्यांनी त्यांच्या अधिकृत पत्त्यावरून मागितला तरच द्या.

भरपाईचं सांगतो. रिझर्व्ह बँकेचं २० सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक आहे. दुकानातल्या मशीनवर कार्डातून पैसे गेले आणि चिठ्ठी निघाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत रक्कम आपोआप परत यायला हवी. त्यापुढे दिवसाला ₹१०० भरपाई, आणि ती ग्राहकाने न मागता द्यायची. प्रीपेड साधनाचा व्यवहार कंपनीच्या स्वतःच्याच यंत्रणेतून झाला असेल तर मुदत आणखी कमी, एकच दिवस. तुमचं कार्ड कुठल्या वाटेने गेलं ते बाहेरून कळत नाही. पण दोन्ही मुदती केव्हाच उलटल्यात.

सुलभाताई, तुमचं राहिलं. रिवॉर्ड पॉइंट हे कोणी पैसे भरून घेतलेले नसतात, त्यामुळे हे नियम त्यांना लागत नाहीत. बँकेच्या अटीच बघाव्या लागतील. विनंती करून पाहा, कधीकधी देतात.

चेतन_बोरिवली

माझी गोष्ट थोडी वेगळी, पण इथेच विचारतो. ऑगस्टमध्ये चपलांच्या दुकानातून ₹२,३५० चे बूट घेतले. सहा दिवसांत तळवा निघाला. दुकानाने पैसे दिले नाहीत, ₹२,३५० ची क्रेडिट नोट दिली. ऑक्टोबरमध्ये ती देऊन मुलाच्या ₹१,४९९ च्या सँडल घेतल्या. उरलेल्या ₹८५१ चं विचारलं तर म्हणे क्रेडिट नोट एकाच बिलात वापरायची असते, उरलेली रक्कम जाते. मागे तसं लिहिलंय खरं, पण ती नोट हातात पडल्यावर वाचलं. मलाही रिझर्व्ह बँकेकडे जाता येईल का?

निवृत्त_पेमेंटवाला

नाही. एकाच दुकानात चालणारं कार्ड किंवा क्रेडिट नोट यांना रिझर्व्ह बँकेची परवानगी लागत नाही, त्यामुळे तिचे मुदतीचे नियमही लागत नाहीत. तिथल्या तक्रारी ऐकणाऱ्या लोकपालाकडे गेलात तर तक्रार दारातूनच परत येईल. तुमचा रस्ता ग्राहक संरक्षण कायद्याचा. तो अनघाताई जास्त चांगला सांगतील.

अनघा_सीए

मी वकील नाही, पण अशिलांच्या अशा तक्रारींमध्ये मदत केलीय.

चेतन, तुझ्या बाबतीत सगळं एका गोष्टीवर उभं आहे. बूट सदोष होते. मन बदललं म्हणून परत केले असते तर दुकानाने क्रेडिट नोट दिली हीच त्यांची सवलत झाली असती, आणि अटी आधी बिलावर छापलेल्या असतील तर भांडायला फारशी जागा नसती. सदोष माल वेगळा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष माल परत न घेणं, किंवा बिलावर दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसेल तर तीस दिवसांत, पैसे परत न करणं ही अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे. तुला पैसे मिळायला हवे होते, त्याऐवजी चिठ्ठी मिळाली. त्या चिठ्ठीवरच्या अटीने उरलेले ₹८५१ बुडवता येतात हे मला पटत नाही.

पण एक अडचण आहे. तू ती नोट घेतलीस आणि अर्धी वापरलीस. दुकान म्हणणार की तुम्ही तोडगा मान्य केला. बूट परत देताना "तळवा निघाला" असं कुठे लिहिलं गेलं का?

चेतन_बोरिवली

क्रेडिट नोटवर कारणाच्या जागी "डिफेक्ट" असं पेनाने लिहिलंय, दुकानाचा शिक्का आहे. फोटो आहे माझ्याकडे.

अनघा_सीए

मग बरंच हातात आहे. आधी दुकानाला लेखी कळव, पंधरा दिवस दे. नाहीच ऐकलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदव. मराठीतही बोलता येतं. ते निकाल देत नाहीत, दुकानाशी मध्यस्थी करतात, पण मोठी साखळी दुकानं तिथे उत्तर देतात. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. तू राहतोस त्या भागाच्या आयोगात तक्रार करता येते, म्हणजे तुला वांद्र्याचं उपनगरचं कार्यालय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. ₹८५१ साठी आयोगाच्या तारखांना जायचं का, हे तुझं तू ठरव. मी तुझ्या जागी असते तर १९१५ पर्यंत नक्की गेले असते.

शैलेश_गिरगाव

अनघाताई, सल्लागाराला विचारलं. तुम्ही सांगितलंत तेच तो म्हणाला, आणि आम्ही कार्ड विकताना कर दाखवत होतो ही चूकच होती. दुरुस्त करतोय.

एक सांगतो मनापासून. आमच्या कार्डावर वर्षाची मुदत आहे, पण ओळखीचं गिऱ्हाईक उशिरा आलं तर मी घेतो. अनोळखी आलं तर आजवर नाही म्हणत होतो. वर्षाताईंच्या आईचं वाचल्यावर ते बरोबर वाटत नाही. नव्या कार्डांवर मुदत दोन वर्षं करतोय, आणि तारीख कार्डाच्या मागे न टाकता दर्शनी बाजूला, मोठ्या अक्षरात.

वर्षा_मुलुंड (२९ नोव्हेंबर)

दुकानात जाऊन आले. मॅनेजर चांगला निघाला. आधी म्हणाला, "आमच्याकडून काही नाही." मी म्हटलं पैसे मागायला आलेच नाही, कागद मागायला आलेय. मग त्याने दिवसअखेरचा हिशेब उघडून दाखवला. ६:४४ चा ₹१,८२० होता, ६:४१ चा काहीच नव्हता. अर्ध्या तासात त्याचा ईमेल आला, प्रसाददादा म्हणाले होते तेच वाक्य. बिलाची दुसरी प्रतही मिळाली.

कंपनीला ईमेल गेला आज. तक्रार क्रमांक आला. त्यांचा प्रश्न: "कार्ड कोणी खरेदी केलं? खरेदीदाराची ओळख पटवा." कार्ड ऑफिसने घेतलं होतं, एकदम पंचवीस-तीस. आता?

निवृत्त_पेमेंटवाला

हे अपेक्षित होतं. गिफ्ट कार्डात ओळख तपासली जाते ती विकत घेणाऱ्याची, ज्याला भेट मिळते त्याची नाही. आईंच्या ऑफिसच्या मनुष्यबळ विभागाकडून दोन ओळींचं पत्र घ्या की अमुक क्रमांकाचं कार्ड आमच्या खरेदीतलं असून ते यांना भेट दिलं. आईंच्या नावाचा रद्द केलेला चेक सोबत द्या.

आणखी एक विचारून घ्या. मुदत संपायच्या आधीच्या पंचेचाळीस दिवसांत कंपनीने कार्डधारकाला एसएमएस किंवा ईमेलने सावध करायचं असतं. तुमच्या कार्डाचं ते २९ सप्टेंबरपासून धरा. ते संदेश कुठल्या नंबरवर गेले?

वर्षा_मुलुंड (४ डिसेंबर)

ऑफिसच्या नंबरवर! ज्या मुलीने कार्डं मागवली तिचा नंबर नोंदवला होता आणि ती जुलैमध्ये नोकरी सोडून गेली. आईला एकही संदेश आला नाही. पत्र मात्र मिळालं. आईच्या जुन्या साहेबांनी स्वतः सही करून दिलं आणि चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही.

सुलभा_पार्ले

हे वाचून मी लगेच घरातली दोन कार्डं काढली. एकावर मुलीच्या कंपनीचाच नंबर आहे. असा नंबर बदलून घेता येतो का?

बिलिंगवाला_प्रसाद

काही कंपन्या वेबसाइटवर कार्ड आपल्या नंबरशी जोडू देतात, काही देत नाहीत. कार्डामागे दिलेल्या पत्त्यावर विचारा. निदान मुदतीची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून टाका, महिनाभर आधीच्या पानावर.

वर्षा_मुलुंड (१९ डिसेंबर)

आले! ₹३,१८० आईच्या खात्यात आज सकाळी जमा झाले. आईने पासबुक भरून आणायला मला लगेच पिटाळलं, मोबाइलवर दाखवलं तर तिचं समाधान होईना.

पण भरपाईला त्यांनी नकार दिलाय. त्यांचं म्हणणं, "व्यवहार आमच्या बाजूने यशस्वी झाला होता. दुकानाने कार्ड दोनदा घासलं. त्यामुळे हा फसलेला व्यवहार नाही, आम्ही सदिच्छा म्हणून रक्कम परत केली."

निवृत्त_पेमेंटवाला

अभिनंदन, आईंना नमस्कार सांगा.

त्यांच्या उत्तराशी मी सहमत नाही. परिपत्रकातली परिस्थिती नेमकी हीच आहे. पैसे कापले गेले म्हणजे जारी करणाऱ्याच्या बाजूने "यशस्वी"च असतं, दुकानाकडे चिठ्ठी निघाली नाही म्हणून तर ते फसलेलं. पाच दिवसांची मुदत धरली तर ७ नोव्हेंबरला संपते. ८ नोव्हेंबर ते १९ डिसेंबर मोजा, ₹४,००० च्या आसपास जातं. मूळ रकमेपेक्षा जास्त.

मात्र हेही सांगतो की दुसऱ्यांदा घासल्याचा मुद्दा ते लोकपालापुढेही मांडतील, आणि यात निकाल कसा लागेल याची खात्री मी देऊ शकत नाही. त्यांनी लेखी नकार दिलाय, त्यामुळे उत्तरासाठी तीस दिवस थांबायचीही गरज नाही. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करा, फी नाही. २०२१ च्या लोकपाल योजनेप्रमाणे ती कंपनीच्या उत्तरापासून वर्षभरात करायची असते.

अनघा_सीए

"सदिच्छा म्हणून" हे शब्द मान्य करणारं कुठलंही पत्र किंवा फॉर्म आईंकडून सही करून देऊ नकोस. मागितलंय का तसं काही?

वर्षा_मुलुंड

मागितलंय. "सर्व दावे पूर्णपणे निकाली" अशी ओळ असलेला फॉर्म आलाय, पैसे आधीच जमा झाल्यावर. सही केलेली नाही. लोकपालाची तक्रार रविवारी बसून भरणार आहे, आई शेजारी बसणार म्हणतेय. ६:४१ च्या नोंदीचा संदर्भ क्रमांक यादीत पूर्ण दिसत नाही, शेवटचे सहाच आकडे दिसतात. तेवढे पुरतील का?

बिलिंगवाला_प्रसाद

पूर्ण बारा आकडे असतात. कंपनीकडून ईमेलवर मागून घ्या, त्या व्यवहाराचा संदर्भ क्रमांक एवढंच विचारा. रविवारच्या आत नाही आला तर सहा आकडे, तारीख, वेळ आणि रक्कम टाकून भरा, शोधता येतं त्यांना. आणि दुकानाच्या मॅनेजरचा ईमेल पहिल्या जोडणीत लावा, शेवटी नको.